उगमकराची नोंद : एक रक्कम, दोन वह्या

उगमकर म्हणजे टीडीएस हा रक्कम देणाऱ्याचा खर्च नाही आणि घेणाऱ्याचे नुकसानही नाही. तो घेणाऱ्याचाच प्राप्तिकर असतो. देणारा तो कापून सरकारकडे भरतो, एवढेच. म्हणून एकाच्या वहीत तो देणे ठरतो आणि दुसऱ्याच्या वहीत येणे.

एका कंपनीने वास्तुविशारदाकडून आराखडे करून घेतले. बिल 25 मार्च 2025 चे : शुल्क 1,00,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 18,000, एकूण 1,18,000. व्यावसायिक शुल्कावर उगमकराचा दर 10 टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात फक्त शुल्कावर होते. म्हणून कर 10,000, 11,800 नव्हे.

कंपनीने 31 मार्चला बिल खतावले. तिची नोंद अशी : व्यावसायिक शुल्क खाते नावे 1,00,000, जीएसटी येणे खाते नावे 18,000, वास्तुविशारद खाते जमा 1,08,000, टीडीएस देय खाते जमा 10,000. खर्च पूर्ण एक लाखाचाच राहतो. मार्चची कपात 30 एप्रिलपर्यंत भरायची असते. ती भरली की टीडीएस देय खाते नावे, बँक खाते जमा, आणि ते खाते शून्यावर येते.

वास्तुविशारदाने बिल देताना नोंद केली : कंपनी खाते नावे 1,18,000, शुल्क उत्पन्न जमा 1,00,000, जीएसटी देय जमा 18,000. बँकेत 1,08,000 रुपये आले 15 एप्रिलला. चूक नेमकी इथे होते. अनेक जण पैसे आल्यावर टीडीएस येणे खाते नावे टाकतात. पण कपात बिल जमा करताना किंवा पैसे देताना, यांतले जे आधी घडेल तेव्हा होते. इथे ती 31 मार्चलाच झाली. म्हणून त्याच तारखेला टीडीएस येणे नावे 10,000, कंपनी खाते जमा 10,000 अशी नोंद हवी. नाहीतर फॉर्म 26एएस मध्ये कपात 2024-25 ची दिसते आणि वहीत ती पुढच्या वर्षी उतरते.

दुसरी चूक याहून वाईट : जीएसटी वगळून हातात आले तेवढेच, म्हणजे 90,000, उत्पन्न धरणे. त्यात उत्पन्न दहा हजारांनी कमी दिसते आणि कापलेल्या कराचे खाते वहीत उघडतच नाही.

रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याचे उत्पन्न मात्र एप्रिलमध्ये, म्हणजे 2025-26 मध्ये येते. ज्या वर्षी उत्पन्न करपात्र, त्याच वर्षी कराचे श्रेय, असा नियम आहे. त्यामुळे हे 10,000 रुपये विवरणपत्रात पुढे ओढावे लागतात.

वर्षअखेरचा कर ठरला की टीडीएस येणे त्यात वळते होते. एकल व्यावसायिकाचा प्राप्तिकर हा वैयक्तिक खर्च असल्याने तो भांडवल खात्याला नावे पडतो, नफातोटा पत्रकाला नाही. वही बंद करण्यापूर्वी टीडीएस येणे खात्याची शिल्लक 26एएस शी, कपातदारनिहाय, ताडून पाहावी.