बामर श्रेणी व तिची सीमा

हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरतो तेव्हा दिसणाऱ्या वर्णरेषांची मालिका. तांबड्या रंगापासून जंबुपारापर्यंत या रेषा एकमेकींच्या जवळ जवळ येत जातात आणि ज्या तरंगलांबीपाशी दाटतात तिला श्रेणी-सीमा म्हणतात.

या सीमेच्या इतिहासात विदर्भातील तळणी या गावाला जागा आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्ग, जेऊर, तळणी असा गेला. तळणीला जॉन एव्हरशेड यांनी सूर्याच्या वर्णगोलाचा वर्णपट छायाचित्रित केला. त्यात बामर रेषा तर होत्याच, पण त्या जिथे संपतात तिथून पुढे जंबुपारात सलग प्रकाश उमटलेला होता. त्याचा अर्थ लावणारी ऊर्जापातळ्यांची कल्पना नील्स बोर यांनी मांडली ती १९१३ मध्ये.

गणित : n व्या पातळीची ऊर्जा −१३.६/n² इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. दोन पातळ्यांतील फरकाने १२४० ला भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येताना फरक १३.६ × (१/४ − १/९), म्हणजे १.८८९ पडतो, तरंगलांबी सुमारे ६५६.५. हीच ठळक तांबडी रेषा. येथे तिसऱ्या पातळीची ऊर्जा −१.५१ ऐवजी −१.५ धरली तर उत्तर ६५२.६ येते आणि रेषा जवळजवळ ४ नॅनोमीटर सरकते. म्हणून आकडे शेवटीच पूर्णांकित करावेत.

सीमेसाठी वरची पातळी अनंत मानतात. तिची ऊर्जा शून्य, म्हणून फरक ३.४ उरतो आणि १२४०/३.४ = ३६४.७. हे मूल्य निर्वातातले आहे. हवेत ते सुमारे ३६४.६ भरते. मापन आणि गणित यांत एक दशांशाचा फरक दिसला, तर चूक शोधण्याआधी मापन हवेतले आहे का ते पाहावे.

सीमेवर स्वतंत्र रेषा कधीच सापडत नाही. तिसाव्या आणि एकतिसाव्या पातळीवरून निघणाऱ्या रेषांत जेमतेम ०.१ नॅनोमीटर अंतर असते. भोवतालच्या विद्युतभारित कणांमुळे रेषा रुंदावतात आणि सीमेच्या अलीकडेच एकमेकींत मिसळतात.

सीमेपलीकडचा प्रकाश मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा. अणूने असा इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर पकडला की ३.४ मध्ये त्याची गतिज ऊर्जाही मिळते. ३५० नॅनोमीटरचा प्रकाश ३.५४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा ०.१४ होती. ही ऊर्जा कितीही असू शकते, त्यामुळे तेथे सुट्या रेषा न उमटता सलग पट्टा उमटतो. तळणीच्या छायाचित्रात आला तो हाच.

इतर श्रेणी : लायमनची सीमा ९१.२, पाश्चेनची सुमारे ८२१ नॅनोमीटर.