म, व आणि कर्णावरची ओळ

वास्तव संख्यांची यादी करता येत नाही, हे कॉलेजात शिकवतात तेव्हा फळ्यावर दशांश अपूर्णांकांची एक यादी लिहिली जाते, तिच्या कर्णावरचे अंक बदलले जातात आणि यादीत नसलेली एक संख्या हाती येते. ही युक्ती गेओर्ग कँटरची, १८९१ सालची. नाव आणि साल बरोबर आहे. पण कँटरच्या त्या लेखातल्या युक्तीत दशांश नव्हते. तिथे दोनच अक्षरे होती, ‘म’ आणि ‘व’. ती तिथे कशी आली हे समजून घ्यायचे, तर अठरा वर्षे मागे जावे लागते.

२९ नोव्हेंबर १८७३ रोजी हालं इथून कँटरने रिचर्ड डेडेकिंडला पत्र लिहून विचारले: नैसर्गिक संख्या आणि वास्तव संख्या यांच्यात एकास एक संगती लावता येईल का? म्हणजे प्रत्येक वास्तव संख्येला स्वतःचा एक क्रमांक मिळावा, कोणी वगळले जाऊ नये आणि एकच क्रमांक दोघांना जाऊ नये. ज्या अनंत संचाला असे क्रमांक देता येतात तो गणनीय.

अपूर्णांकांना असे क्रमांक देता येतात हे कँटरला ठाऊक होते. त्यासाठीचे नेमके सूत्र त्याच्या १८७८च्या लेखात आहे. (अ, ब) ही नैसर्गिक संख्यांची जोडी असेल, तर तिचा क्रमांक

अ + (अ + ब − १)(अ + ब − २)/२

(१, १)ला १, (१, २)ला २, (२, १)ला ३ आणि (१, ३)ला ४. ज्यांची बेरीज सारखी अशा जोड्या एकेका तिरक्या ओळीत येतात आणि ओळींमागून ओळी मोजल्या जातात. (३, ४)चा क्रमांक ३ + (६ × ५)/२ = १८. उलट दिशेनेही जाता येते, आणि संगतीची खरी परीक्षा तीच. १८ दिले तर आधीच्या पूर्ण झालेल्या ओळींत १५ जोड्या संपल्या, म्हणून अ = ३; चालू ओळीची बेरीज ७, म्हणून ब = ४. दुसरे उत्तर निघतच नाही. १/२ आणि २/४ अशी पुनरावृत्ती आली की दुसरीला वगळून पुढे जायचे, की धन अपूर्णांकांचीही यादी तयार.

डेडेकिंडने उत्तरात सांगितले की वास्तव संख्यांचा निकाल आपल्याला लागत नाही. पण बैजिक संख्या, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या समीकरणांची मुळे, गणनीय आहेत याची सिद्धता त्याने पाठवली. ७ डिसेंबरला कँटरचे पत्र आले: वास्तव संख्या गणनीय नाहीत. ही पहिली सिद्धता कर्णाची नव्हती. कोणतीही यादी घ्या आणि एक अंतराल घ्या. त्याच्या आत पडणाऱ्या यादीतल्या पहिल्या दोन संख्या शोधा, त्यांच्या मधले अंतराल घ्या, पुन्हा तेच करा. अंतराले आकसत जातात आणि त्या सर्वांच्या आत निदान एक अशी संख्या उरते, जिच्यापर्यंत यादी कधीच पोहोचत नाही. १८७४च्या लेखात हे सारे छापून आले, पण डेडेकिंडचे नाव त्यात नव्हते. बैजिक संख्यांची सिद्धता त्याची होती. तो उल्लेख व्हायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

शिवाय तीन वर्षांनी कँटरला वाचवले ते डेडेकिंडनेच. जून १८७७मध्ये कँटरने रेषाखंडावरचे बिंदू आणि चौरसातले बिंदू यांच्यात एकास एक संगती लावली. चौरसातल्या बिंदूचे दोन निर्देशक दशांशात लिहायचे आणि त्यांचे अंक आळीपाळीने गुंफून एक संख्या करायची. पण ०.५ आणि ०.४९९९… ही एकच संख्या दोन तऱ्हांनी लिहिता येते. म्हणून नियम केला: नेहमी न संपणारेच रूप घ्यायचे. डेडेकिंडला फट तिथेच दिसली. समजा, ०.५२०३०३०३… ही संख्या कोणत्या बिंदूपासून आली ते पाहायचे आहे. विषम जागांवरचे अंक ५, ०, ०, ०… आणि सम जागांवरचे २, ३, ३, ३… म्हणजे पहिला निर्देशक ०.५. पण नियमाने तो ०.४९९९… असा लिहायचा, आणि मग गुंफण होते ०.४२९३९३९३… ती वेगळीच संख्या! ०.५२०३०३… ला जोडीदारच नाही. निष्कर्ष खरा होता, संगती मात्र अपुरी होती. कँटरने लगेच दशांश सोडले आणि वितत अपूर्णांक वापरून नवी सिद्धता पाठवली, कारण अपरिमेय संख्येचे वितत रूप एकच असते.

आता १८९१. जर्मन गणिती संघाच्या पहिल्या अधिवेशनात, हालं इथेच, कँटरने ती छोटी सिद्धता मांडली. ‘म’ आणि ‘व’ यांच्या अनंत मालिका घ्या. त्यांची कशीही यादी करा. पहिल्या मालिकेचे पहिले अक्षर, दुसरीचे दुसरे, तिसरीचे तिसरे असे कर्णावरून उतरत जा आणि प्रत्येक ठिकाणी ‘म’ असेल तर ‘व’, ‘व’ असेल तर ‘म’ लिहा. ही नवी मालिका पहिलीशी पहिल्या जागी जुळत नाही, शंभरावीशी शंभराव्या जागी. म्हणून ती यादीत नाही. अपरिमेय संख्यांचा विचार न करताही ही सिद्धता उभी राहते, हे कँटरने स्वतः सांगून ठेवले आहे. ते महत्त्वाचे आहे. अक्षरांच्या दोन वेगळ्या मालिका म्हणजे दोन वेगळ्या वस्तूच, ०.५ आणि ०.४९९९…चा गोंधळ तिथे उद्भवतच नाही.

अक्षरांच्या जागी ० आणि १ लिहून द्विमान पद्धतीतल्या संख्या मानल्या, की काय बिघडते ते पाहण्यासारखे आहे. यादीत पहिली संख्या ०.१०००… असेल आणि पुढच्या प्रत्येकीच्या कर्णावर ० असेल, तर कर्ण होतो १, ०, ०, ०… उलटवला की ०.०१११… आणि द्विमानात ही संख्या म्हणजेच ०.१०००…, यादीतली पहिली! म्हणून वर्गात दशांश वापरायचे तर नियम असा ठेवावा: कर्णावर ५ असेल तर ६ लिहा, नाहीतर ५. ० आणि ९ वापरलेच नाहीत, की नव्या संख्येचे दुसरे रूप निघत नाही.

विद्यार्थी नेहमी दोन शंका काढतात, आणि दोन्ही रास्त आहेत. राहिलेली संख्या यादीच्या सुरुवातीला घातली तर? घाला, नव्या यादीला नवा कर्ण आहे, आणि सिद्धता कोणत्याही यादीबद्दल आहे. दुसरी शंका जास्त खोल आहे: हीच युक्ती अपूर्णांकांच्या यादीवर चालवली तर तेही अगणनीय ठरतील ना? नाही. कर्णातून संख्या निघते खरी, पण ती अपूर्णांक असेल याची हमी कुठे आहे? यादी पूर्ण असेल तर ती अपरिमेयच निघते, आणि अपरिमेय संख्या अपूर्णांकांच्या यादीत नाही यात विरोध कसला? कर्णातून निघालेली वस्तू त्याच संचातली आहे हे दाखवणे ही सिद्धतेची अर्धी बाजू आहे, आणि परीक्षेच्या पेपरात तीच सुटते.

ॲलन ट्यूरिंगने १९३६ साली नेमकी हीच बाजू हाती घेतली. यंत्राने ज्यांचे अंक एकामागून एक काढता येतात अशा संख्या गणनीय आहेत; तरीही त्यांचा कर्ण उलटवून विरोध निघत नाही. तशी यादी यंत्राला करता आली असती, तर कर्णसंख्याही यंत्राने काढता आली असती, आणि मग मात्र विरोध निघाला असता. म्हणून ट्यूरिंगने निष्कर्ष काढला की कोणते यंत्र अंक देत राहील आणि कोणते मध्येच अडकेल, हे ठरवणारी सर्वसाधारण यांत्रिक रीत असूच शकत नाही.