कैद्यांच्या धार्मिक सुविधा

तुरुंगातल्या माणसाला आपल्या धर्माप्रमाणे जेवता यावे, प्रार्थना करता यावी आणि हवा तेव्हा धर्मगुरू भेटावा, यासाठी कारागृह प्रशासनाने करायची व्यवस्था. संविधानाच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रातल्या व्यवहाराची मुळे १८९४ च्या कारागृह कायद्यात, त्याखालच्या नियमांत आणि केंद्राने २०१६ साली दिलेल्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत आहेत. अन्न, जागा आणि धर्मगुरू या तिन्ही गोष्टी ठरतात वेगवेगळ्या टेबलांवर. त्यामुळे एकाच बंद्याला एक सहज मिळते आणि दुसरी कधीच मिळत नाही.

वसई-विरारपुरते बोलायचे तर वाट ठाण्याला जाते. वसई न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली की आरोपीची रवानगी बहुधा ठाणे मध्यवर्ती कारागृहात होते. हे कारागृह पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे. १८१६ साली त्रिंबकजी डेंगळे निसटले ते याच तटबंदीतून. कारागृहाची अधिकृत क्षमता अकराशेच्या आसपास असून प्रत्यक्षात बंदी त्याच्या कित्येक पट असतात. इथे येणाऱ्यांत पापडीचा कॅथलिक, नालासोपाऱ्याचा मुसलमान, वसई रोडचा जैन आणि विरारचा वारकरी असे सगळेच असू शकतात.

अन्नाच्या बाबतीत पहिला प्रश्न धर्माचा नसून बंदी कच्चा की पक्का हा असतो. कायद्याचे कलम ३१ न्यायाधीन बंद्याला स्वतःच्या खर्चाने राहण्याची मुभा देते. तपासणी करून आणि नियमांच्या चौकटीत बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण घेता येते. समजा, वसई रोडच्या एका जैन आरोपीला कोठडी मिळाली आणि त्याने घरच्या डब्याची परवानगी काढली. कांदा, लसूण, बटाटा टाळण्याचा प्रश्न तिथेच मिटला. कलम ३२ मात्र सांगते की या डब्यातला घास दुसऱ्या बंद्याला द्यायचा नाही, विकायचाही नाही. दिला तर सवलतच जाते. म्हणजे शेजारी बसलेल्या दुसऱ्या जैनाला, ज्याचे घर डबा पाठवू शकत नाही, सगळ्यांसाठी शिजलेली आमटी-भाजी बाजूला सारून चपाती-भातावर राहावे लागते. पुढे पहिल्याला शिक्षा झाली की कलम ३१ त्याला लागू राहत नाही आणि डबा बंद होतो. त्याचा धर्म तोच राहतो, बदलतो तो फक्त त्याचा वर्ग. धोरणात सर्वांत मोठी फट इथे आहे.

दुसरी अडचण घड्याळाची. तुरुंगात संध्याकाळचे जेवण ऊन असतानाच वाटतात आणि सूर्यास्ताच्या आसपास बंदी होते, म्हणजे मोजणी करून बराकींना कुलूप लागते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैनाला हे वेळापत्रक आपोआप सोयीचे पडते. रमजानमध्ये मात्र तेच आडवे येते. वसई-ठाण्याकडे मार्चमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातनंतर, आणि रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. इफ्तारचे अन्न कुलूप लागण्याआधी बराकीत पोचवावे लागते. सेहरीची चपाती-भाजी रात्रीच देऊन ठेवली तर उन्हाळ्यात पहाटेपर्यंत भाजी आंबते. ती ताजी द्यायची तर स्वयंपाकघर पहाटे तीनला पेटले पाहिजे, म्हणजे तिथे काम करणाऱ्या बंद्यांना त्या वेळी बराकीबाहेर काढायला हवे आणि त्यासाठी रात्रपाळीचे मनुष्यबळ हवे. रोजेदारांची यादी आधी झाली नसेल तर पहिल्या दोन दिवसांत गोंधळ ठरलेला. एकादशी, महाशिवरात्रीचा उपवास एका दिवसाचा असल्याने त्याची ओरड कमी होते इतकेच.

यादीचे महत्त्व तिहारमधल्या एका प्रकरणात दिसले. दिल्लीचे तत्कालीन मंत्री सत्येंद्र जैन यांनी २०२२ मध्ये, आपण मंदिरदर्शनाशिवाय शिजवलेले अन्न घेत नाही, म्हणून फळे आणि सुका मेवा मिळावा असा अर्ज केला. त्या नोव्हेंबरात न्यायालयाने तो फेटाळला. धार्मिक उपवासासाठी तुरुंगाकडे रीतसर विनंतीच केलेली नव्हती आणि एकालाच वेगळी वागणूक देणे समतेच्या तत्त्वात बसत नाही, असे त्यामागचे कारण होते. व्रत खरे असो वा नसो, कागदावर नसेल तर तुरुंगाला ते दिसत नाही.

‘धर्म सांभाळणे’ या शब्दांचा तुरुंगातला इतिहास फारसा निर्मळ नाही. इंग्रजी अमलात त्याचा अर्थ पुष्कळदा जात सांभाळणे असाच होता. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ब्राह्मणाला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी ३ डिसेंबरला उपवास सुरू केला आणि सरकारला विचार करणे भाग पडले. तरी असे नियम देशभरच्या नियमपुस्तिकांत टिकून राहिले. पश्चिम बंगालच्या नियमांत योग्य जातीच्या स्वयंपाक्याचा उल्लेख थेट होता. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जातीवर आधारलेल्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आज आहाराचे धोरण लिहिताना काय शिजवले याची दखल घ्यावी, कुणी शिजवले याची नाही, एवढी रेघ त्यामुळे स्पष्ट झाली.

प्रार्थनेच्या जागेबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. माणसे कुशीला कुशी लावून झोपतात त्या बराकीत देव्हारा म्हणजे भिंतीवरची तसबीर, आणि नमाजची जागा म्हणजे गुंडाळलेल्या अंथरुणामुळे मोकळी झालेली फरशी. शुक्रवारी किंवा रविवारी सामूहिक प्रार्थना करायची तर वेगवेगळ्या बराकींतले बंदी एकत्र आणावे लागतात आणि सुरक्षेच्या नावाखाली पहिला नकार तिथेच येतो.

धर्मगुरूची बाजू सर्वांत पातळ. इंग्लंड-वेल्समध्ये १९५२ च्या कायद्याने प्रत्येक तुरुंगात चॅप्लेन असतो. भारतात मात्र सरकारी पगारावरचा तुरुंग-धर्मगुरू नाही. अधीक्षकाच्या परवानगीने बाहेरून स्वयंसेवक येतात. कॅथलिकांत हे काम १९८१ पासून ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ करते. नाताळात फादर मिस्सा करायला आले तर गेटवरच्या झडतीत पहिला अडसर असतो द्राक्षमद्याच्या कुपीचा. मद्य तुरुंगात निषिद्ध आहे, आणि निषिद्ध वस्तू आत नेणे कलम ४२ प्रमाणे गुन्हा ठरतो. म्हणून कुपीचे प्रमाण आधी लेखी कळवून मंजुरी घ्यावी लागते. नाहीतर चर्चमध्ये आधीच अभिमंत्रित केलेली भाकर घेऊन यायची. मग तो मिस्सा न राहता केवळ कम्युनियनची प्रार्थना होते. वसईच्या कॅथलिकाला हा फरक लगेच कळतो, गेटवरच्या हवालदाराला तो समजावून सांगावा लागतो.

पापनिवेदनाचा पेच यापेक्षा खोल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला ६५ वा नियम धर्मगुरूच्या भेटी खासगीत व्हाव्यात असे सांगतो आणि बंद्याची इच्छा नसेल तर त्याच्या नकाराचाही मान राखायला सांगतो. आपल्या कायद्याचे कलम ४० न्यायाधीन बंद्याला तिसऱ्या माणसाशिवाय भेटू देते ते फक्त त्याच्या वकिलाला. धर्मगुरूचा त्यात उल्लेख नाही. फादर त्यामुळे साध्या भेटीच्या नियमात येतात आणि शिपाई जवळच उभा असतो. कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनातला शब्द कुठेही उच्चारता येत नाही, शिपायावर असे कोणतेच बंधन नाही. शिपाई दिसेल पण त्याला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर उभा राहील, एवढे एक वाक्य नियमांत घालायला ना खर्च लागतो ना जादा जागा.