मिलरची अडचण आणि ७४१ मधला तीस पिकोफॅरड

मागच्या वेळी कोणीतरी विचारलं होतं, की ऑप-ॲम्पच्या पुस्तकात ‘मिलर कॉम्पेन्सेशन’ म्हणून जो कपॅसिटर दाखवतात, त्याला मिलरचं नाव का? मिलरनं तो शोधला का? उत्तर सरळ आहे. नाही, मिलरनं तो शोधला नाही. मिलरनं जे दाखवलं ती एक कटकट होती. तिचा उपाय म्हणून उपयोग पुढे इतरांनी केला. आणि माझं आजचं म्हणणं असं, की त्या नावामुळे आपण निम्मीच गोष्ट लक्षात ठेवतो. उरलेली निम्मी जास्त महत्त्वाची आहे.

सुरुवात १९२० पासून करू. जॉन मिलर यांनी अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम केलं होतं. ट्रायोड, म्हणजे तीन इलेक्ट्रोडांची व्हॅक्यूम ट्यूब, नुकतीच स्थिरावत होती. तिची ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये अगदी थोडा कपॅसिटन्स असतो, काही पिकोफॅरडचा. मिलरनी दाखवलं, की बाहेरून बघणाऱ्याला तो एवढासा वाटत नाही. का? ग्रिड एक व्होल्ट वर गेली, की प्लेट, समजा, पन्नास व्होल्ट खाली येते. म्हणजे त्या कपॅसिटरच्या दोन टोकांमधला फरक एकदम एक्कावन्न व्होल्टांनी बदलतो आणि तेवढा विद्युतभार ग्रिडला पुरवावा लागतो. ग्रिडला वाटतं, आपल्याला एक्कावन्न पट मोठा कपॅसिटर जोडलाय. गेन जितका जास्त, तितकं हे ओझं जास्त. रेडिओ बनवणाऱ्यांना हे नको होतं. ग्रिड आणि प्लेटच्या मध्ये पडदा घालणारी स्क्रीन-ग्रिड ट्यूब आली, ती हेच टाळण्यासाठी.

आता दुसरा धागा. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅब्जचे हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीनं हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. तिथं त्यांना ऋण फीडबॅकच्या ॲम्प्लिफायरची कल्पना सुचली. गरजेपेक्षा खूप जास्त गेन तयार करायचा, आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा, आणि जादा गेनच्या मोबदल्यात अचूकपणा मिळवायचा. पण एक धोका राहतो. परत आलेला सिग्नल वाटेत उशिरा पोचला तर? उशीर वाढत वाढत अर्ध्या आवर्तनाएवढा, म्हणजे १८० अंशांचा झाला, की वजा करायचा सिग्नल अधिक होऊन येतो. त्या वारंवारतेला फेरीतला गेन अजून एक किंवा त्याहून जास्त असेल, तर ॲम्प्लिफायर स्वतःच ओरडायला लागतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये याचा काटेकोर निकष दिला.

उशीर येतो कुठून? प्रत्येक टप्प्यात एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटन्स असतो. त्यांची जोडी एका ठरावीक वारंवारतेपर्यंत सिग्नल नीट जाऊ देते. त्यापुढे वारंवारता दहापट झाली की गेन दहाव्या भागावर येतो आणि उशीर हळूहळू ९० अंशांकडे जातो. त्या वारंवारतेला पोल म्हणतात. एक पोल म्हणजे जास्तीत जास्त ९० अंश. दोन पोल म्हणजे १८०. म्हणून दोन टप्प्यांचा ॲम्प्लिफायर नेहमी कड्याच्या टोकावर उभा असतो. गेन एकावर उतरतो त्या ठिकाणी १८० अंशांना अजून किती अंश कमी आहेत, त्याला फेज मार्जिन म्हणतात. साठच्या आसपास असेल तर निश्चिंत राहावं. वीस-पंचवीस असेल, तर स्क्वेअर वेव्ह दिल्यावर तिची कडा थरथरताना ऑसिलोस्कोपवर दिसते.

१९६५ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी ७०९ हा ऑप-ॲम्प आणला. उत्तम चिप, पण स्थैर्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर. गेन एक ठेवायचा असेल तर एका जागी ५००० पिकोफॅरड आणि १५०० ओहम, दुसऱ्या जागी २०० पिकोफॅरड, असे सुटे भाग बाहेरून लावायचे. गेन बदलला की आकडेही बदलायचे. विडलर पुढे नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये गेले आणि १९६७ मध्ये त्यांचा एलएम१०१ आला. त्यात गेन देणारे टप्पे दोनच, आणि बाहेरून लावायचा फक्त एक कपॅसिटर, तीस पिकोफॅरडचा. फेअरचाइल्डमध्ये डेव्ह फुलागर यांनी हे पाहिलं. तीस पिकोफॅरड तर चिपवरच बसवता येईल! १९६८ मध्ये त्यांचा ७४१ बाजारात आला. कपॅसिटर आतच होता. लावा आणि विसरा.

आता खरा प्रश्न. ७०९ ला हजारो पिकोफॅरड लागत होते, इथे तीस कसे पुरले? ७४१ चा हिशेब कागदावर मांडू. आकडे ढोबळ घेतो. पहिला टप्पा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो: दर व्होल्टला ०.१९ मिलिॲम्पिअर. तो जिथे दुसऱ्या टप्प्याला मिळतो तिथला रेझिस्टन्स सुमारे २५ लाख ओहम. दुसरा टप्पा दर व्होल्टला ६.५ मिलिॲम्पिअर देतो, त्याच्या आउटपुटला सुमारे ८१ हजार ओहम, म्हणजे गेन साधारण ५१५. सगळा मिळून गेन दोन लाखांच्या वर जातो. दोन्ही जागी स्वाभाविक कपॅसिटन्स सोयीसाठी पाच-पाच पिकोफॅरड धरू.

कपॅसिटर लावलाच नाही, तर पहिला पोल येतो सुमारे १३ किलोहर्ट्झला आणि दुसरा ४०० किलोहर्ट्झला. गेन एकावर उतरेपर्यंत आपण ३५ मेगाहर्ट्झच्या आसपास पोचलेले असतो, आणि दोन्ही पोल कधीच मागे पडलेले. फेज मार्जिन एक अंशसुद्धा उरत नाही. इतर ट्रान्झिस्टरांचा उशीर धरला तर हा ॲम्प्लिफायर गेन एक ठेवून चालणारच नाही.

साधा उपाय कोणता? पहिल्या जागेवरून जमिनीला मोठा कपॅसिटर लावायचा आणि पहिला पोल खूप खाली आणायचा. तो ४ हर्ट्झच्या जवळ आणायला सुमारे १५,५०० पिकोफॅरड लागतील. ते चिपवर मावत नाहीत. आणि मावले तरी दुसरा पोल ४०० किलोहर्ट्झलाच बसून राहतो. मग मार्जिन मिळतं ३५ अंश. साठच्या पुढे जायचं तर कपॅसिटर आणखी पाचपट करायचा आणि वेग पाचपट घालवायचा.

आता तीस पिकोफॅरडचा कपॅसिटर दुसऱ्या टप्प्याच्या इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये लावू. मिलरचा हिशेब लागू होतो: तीस गुणिले ५१६, म्हणजे जवळपास तेवढेच १५,५०० पिकोफॅरड. पहिला पोल ४.१ हर्ट्झवर येतो. १९२० ची कटकट इथे कामाला लागली. नावातली गोष्ट इथे संपते.

पण दुसऱ्या पोलचं काय झालं? तो ४०० किलोहर्ट्झवरून वर सरकला, आणि याच हिशेबानं सुमारे ९५ मेगाहर्ट्झला गेला. मिलरच्या गुणाकारातून हे कळत नाही. कारण वेगळं आहे. वारंवारता वाढली, की कपॅसिटर दोन टोकांना जवळजवळ तारेसारखं जोडून टाकतो. आउटपुटला जरा धक्का दिला, की तो कपॅसिटरमधून इनपुटला पोचतो आणि ट्रान्झिस्टर लगेच त्याला विरोध करतो. म्हणजे दुसऱ्या टप्प्याभोवती एक छोटा, खासगी ऋण फीडबॅक तयार झाला. ८१ हजार ओहमचं आउटपुट आता १८० ओहमसारखं वागतं. तोच थोडासा कपॅसिटन्स इतक्या कमी रेझिस्टन्समधून भराभर भरतो, म्हणून पोल वर जातो. एक खाली, एक वर. याला पोल-स्प्लिटिंग म्हणतात. जेम्स सॉलोमन यांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात ऑप-ॲम्पची ही सगळी मांडणी इंजिनिअरांसाठी सोपी करून दिली.

स्थैर्य पहिल्या पोलमुळे आलं, असं आपण म्हणतो. ते अपुरं आहे. पहिला पोल खाली नेणं दोन्ही उपायांना जमलं होतं. फरक पडला तो दुसरा पोल वाटेतून बाजूला झाल्यामुळे. ऋण फीडबॅकमुळे आलेल्या आजाराला ऋण फीडबॅकचीच छोटी मात्रा लागू पडली, असं म्हणा. गेन एकावर येतो ती जागा आता पहिल्या टप्प्याचे ०.१९ मिलिॲम्पिअर आणि तीस पिकोफॅरड या दोघांवरच ठरते: एक मेगाहर्ट्झ. तो याहून वर का नेला नाही? कारण इनपुट टप्प्यातले आडवे पीएनपी ट्रान्झिस्टर काही मेगाहर्ट्झलाच दमतात, आणि हा कपॅसिटर त्यांच्यासाठी काही करू शकत नाही.

किंमत मोजावी लागतेच. पहिला टप्पा जास्तीत जास्त १९ मायक्रोॲम्पिअर देऊ शकतो. तीस पिकोफॅरड तेवढ्यानं भरायचा, तर आउटपुट एका मायक्रोसेकंदात ०.६३ व्होल्टच सरकतं. म्हणून ७४१ कडून दहा व्होल्ट उंचीची साइन वेव्ह १० किलोहर्ट्झच्या पुढे मागितली, की ती त्रिकोणी होऊ लागते. हे अस्थैर्य नाही. सिग्नल लहान केला की आकार सुधारतो, त्यावरून ओळखायचं.

दुसरी मर्यादा. हा कपॅसिटर आतल्या दोन पोलांची व्यवस्था लावतो, बाहेर तुम्ही तयार केलेल्या पोलची नाही. ७४१ च्या आउटपुटला सुमारे ७५ ओहम असतात. त्याला शंभर मीटर केबल जोडली, मीटरला शंभर पिकोफॅरड धरून, तर २१२ किलोहर्ट्झला एक नवा पोल उभा राहतो. गेन एकला वापरत असाल तर मार्जिन पंचवीस अंशांच्या आसपास घसरतं. कडा थरथरायला लागतात, आणि दोष चिपला दिला जातो. अशा वेळी केबलच्या आधी एक छोटा रेझिस्टर घालून, फीडबॅक त्याच्या अलीकडून घ्यावा.

तिसरी मर्यादा पुढच्या पिढीला जाचली. जलद सिग्नल ट्रान्झिस्टरमधून जाऊन उलटा होण्याऐवजी कपॅसिटरमधून थेट, न उलटता, पुढे निसटतो. त्यामुळे गेन न घटवता उशीर वाढतो. ७४१ मध्ये हे ३५ मेगाहर्ट्झच्या जवळ घडतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण सीमॉस ट्रान्झिस्टर तेवढ्याच करंटमध्ये खूप कमी ताकद देतो, आणि ही जागा एकदम जवळ येते. तिथे कपॅसिटरच्या मालिकेत एक रेझिस्टर घालावा लागतो. त्याची किंमत ट्रान्झिस्टरच्या ‘एक भागिले जीएम’ एवढी ठेवली, की ती वाट बंद होते.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना एवढंच सांगतो: पहिल्या पोलचं श्रेय मिलरच्या नावावर खुशाल ठेवा. दुसरा पोल वर का गेला, ते मात्र प्रत्येक वेळी स्वतः मांडून बघा. पुढच्या आठवड्यात नायक्विस्टच्या आलेखावर बोलू.