आर्यांच्या बाडाची नक्कल : चरणमांडणी व पाठभेद

माळेगाव बुद्रुक हे बारामतीच्या शेजारचे गाव होय. त्या गावी अथवा त्याच्या आसपास जुन्या कवितेचे एखादे बाड निघाले, तर त्यात मोरोपंतांच्या आर्या असण्याचा संभव प्रथम धरावा. पंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. परंतु पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस राहिले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. अशा बाडाची नक्कल कशी करावी, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम मांडणीचा विचार करू. छापील पुस्तकात आर्येचे दोन अर्ध दोन ओळींत दिसतात. हस्तलिखितात तसे नसते. तेथे शब्द न तोडता, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अक्षरे सलग लिहिलेली असतात. अर्धाच्या शेवटी एक दंड, आर्येच्या शेवटी दोन दंड व अंक, एवढीच खूण बहुधा मिळते आणि चरण कोठे संपला याची खूण मुळीच मिळत नाही. म्हणजे चरणांची मांडणी कागदावर नसते. ती वृत्तातून काढावी लागते.

पंतांची आर्या ही बहुतेक ठिकाणी छंदःशास्त्रातील गीति होय. तिच्या प्रत्येक अर्धात १२ व १८ मिळून ३० मात्रा असतात. शुद्ध आर्येत दुसऱ्या अर्धाच्या मात्रा २७ भरतात. म्हणून उत्तरार्ध तीन मात्रांनी उणा दिसताच अक्षरे गळाली असे समजू नये, वृत्त कोणते ते आधी पाहावे. नकलेत एक अर्ध एका ओळीत घ्यावा, १२ मात्रांनंतर थोडी जागा सोडावी आणि हस्तलिखितातील ओळ जेथे संपते तेथे एक उभी बारीक रेघ द्यावी. या रेघेचा उपयोग पुढे होतो. लेखकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरून काही अक्षरे गळाली असली, तर तो दोष ओळींच्या टोकांवरून उलगडतो.

आता केवळ मात्रा मोजून दाखविण्यासाठी एक अर्ध आम्हीच जुळवितो. तो कोणत्याही कवीचा नव्हे : ‘जो दशरथसुत तो वनिं गेला सीतासमेत आज्ञेनें’. ‘वनिं’ येथे १२ मात्रा पुऱ्या होतात व पुढे १८. नक्कल करणारा १९६२ नंतरच्या लेखनाला सरावलेला असला, तर त्याचा हात ‘वनिं’चे ‘वनी’ सहज करतो. कारण त्या नियमांप्रमाणे शब्दाच्या अंती दीर्घ लिहावयाचे व अनुच्चारित अनुस्वार गाळावयाचा. तेवढ्याने पहिल्या चरणाच्या १३ मात्रा होतात. उलट, संस्कृत छंदाच्या अभ्यासकाला ‘वनिं’वरील अनुस्वार पाहून ते अक्षर गुरू वाटते, त्यानेही १३ च भरतात. मराठीतील हा अनुस्वार केवळ नाकातील हलका उच्चार आहे, तो अक्षराला भार देत नाही. ‘अंत’ या शब्दातील अनुस्वार मात्र भार देतो. दोहोंचा टिंब कागदावर एकच. म्हणून टिंब जसाच्या तसा उतरावा आणि त्याचा भार मोजणीवरून ठरवावा. बाड मोडीत असेल तर इकार-उकारांच्या ऱ्हस्वदीर्घाचा भेद लिपीतच सहसा पाळलेला नसतो. तेथे दीर्घत्व वृत्तावरून ठरवावे लागते व तसे केल्याचे नकलेच्या आरंभी सांगावे.

याच अर्धाच्या तीन प्रती हाती आल्या असे धरू. क प्रतीत ‘सीतासमेत’, ख प्रतीत ‘सीतेसहीत’ आणि ग प्रतीत ‘सीतेसहित’ आहे. पहिल्या दोहोंच्या मात्रा आठ-आठ. शिवाय अर्धाच्या सहाव्या गणात जगण किंवा चार लघू हवेत, तो ‘समेत’ व ‘सहीत’ या दोहोंनीही साधतो. ग प्रतीत एक मात्रा उणी पडते. मग ‘सीतेसहित’ हा चुकीचा पाठ म्हणून टाकून द्यावा काय? मुळीच नाही. ‘सहित’ हे संस्कृताप्रमाणे शुद्ध रूप आहे. ‘सहीत’ पाहून एखाद्या व्युत्पन्न लेखकाने ते सुधारले आणि वृत्त बिघडविले, असाच तर्क येथे बळकट ठरतो. म्हणजे ग प्रत ज्या मूळ प्रतीवरून उतरली, तीत ‘सहीत’ असावे. मोडका पाठही ख प्रतीच्या बाजूने साक्ष देतो. नक्कल करणाऱ्याने तो मुकाट्याने दुरुस्त केला, तर ती साक्ष नाहीशी होते. एक प्रत आधार म्हणून घेऊन तिचा पाठ वर ठेवावा आणि खाली आर्येचा व चरणाचा अंक देऊन लिहावे : ‘सीतासमेत क, सीतेसहीत ख, सीतेसहित ग, मात्रा एक उणी’. क व ख यांतील कोणता पाठ कवीचा, हे वृत्त सांगू शकत नाही. वृत्ताच्या साक्षीची मर्यादा येथे संपते.

एकाच प्रतीतही दोन पाठ असतात. चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ लावीत व त्यावर नवे अक्षर लिहीत. गळालेले अक्षर समासात लिहून ओळीत काकपदाची खूण करीत. हरताळाखालचे अक्षर तिरप्या उजेडात कित्येकदा वाचता येते. ते वाचता आल्यास ‘क पूर्वपाठ’ व ‘क दुरुस्त’ अशी दोन्ही रूपे नोंदवावी. दुरुस्तीची शाई व वळण निराळे असेल तर तेही लिहावे. ती दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवरून केलेली असू शकते.

शब्द तोडणे हाही एक पाठच होय. पंतांना यमकाची आवड फार, आणि यमकात तीच अक्षरे निराळ्या ठिकाणी तुटून निराळा अर्थ देतात. ‘नवरी’ आणि ‘न वरी’ ही त्याची साधी तऱ्हा. दोन्ही तोडींनी अर्थ लागत असेल तेथे आपली तोड वर द्यावी व सलग अक्षरे खाली नोंदवावी.

कोठे कोठे कवीने स्वतःच घातलेले बंधन वृत्ताहून कडक साक्षीदार ठरते. पंतांच्या रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे. त्यात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. पवर्ग वर्ज्य झाल्यामुळे ‘राम’ हे नावसुद्धा अशा रचनेत बसत नाही. त्याच्या एखाद्या प्रतीत ‘राम’ आढळल्यास ते सवयीने लेखणीतून उतरले, असे निःशंक म्हणता येईल. उकार, ओकार व वकार यांविषयी मात्र घाई करू नये. कवीने ते सर्वत्र टाळले आहेत काय, हे सगळ्या आर्या तपासून आधी ठरवावे, आणि मगच एखाद्या पाठावर दोष ठेवावा. तो दोष ठेवल्यावरही पाठ नकलेत राहिला पाहिजे. कारण मूळ बाड वाळवीने खाल्ल्यावर पुढच्या अभ्यासकाला आपला निर्णय तपासण्यास दुसरे साधन उरणार नाही.