जेसीबीआधी फावडं

बोईसरहून तारापूर एमआयडीसीकडे जाताना रस्त्याकडेला नवा चर दिसला, की मला बेल्जियममधलं गिलंगियें आठवतं. ३० जुलै २००४ला तिथल्या औद्योगिक वसाहतीत जमिनीखालची गॅसलाइन फुटली, २४ माणसं गेली. काही आठवड्यांपूर्वी एका यंत्राने पाइप खरवडला होता. तेव्हा तो फुटला नाही. पुढे गॅसचा दाब वाढवला, तेव्हा पातळ झालेल्या जागी फुटला.

आपल्याकडे २२ मार्च २०२३ला ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप आलं. कुठे खणणार ते टाकायचं, मग केबल-पाइपवाल्यांना सूचना जाते. पण मी सॉफ्टवेअरवाला असूनही सांगतो, नकाशावरची रेघ म्हणजे पाइप नव्हे. लोकेटर धातूवरचा सिग्नल पकडतो. सोबत तार पुरलेली नसेल, तर प्लॅस्टिकचा पाइप त्याला कळतच नाही.

म्हणून खुणेजवळ जेसीबी थांबवायचा. फावड्याने हळूहळू माती काढून पाइप डोळ्यांनी बघायचा. तिथे कुदळ-पहारीचे घाव नकोत. आणि ओरखडा पडलाच, तर माती लोटून मोकळं व्हायचं नाही, पाइपवाल्यांना बोलवायचं. गिलंगियेंचा ओरखडा मातीखालीच राहिला होता.