घशात माशाचा काटा किंवा अन्न अडकणे

घशात माशाचा काटा किंवा अन्न अडकणे ही जेवताना उद्भवणारी आकस्मिक अवस्था आहे. गिळलेला काटा, हाडाचा तुकडा किंवा नीट न चावलेला घास घशाच्या आतील भागात अथवा अन्ननलिकेत रुतून बसतो. बहुतेक वेळा काटा आपोआप निसटतो आणि मागे केवळ ओरखडा राहतो. मात्र काटा रुतून राहिल्यास सूज, पू किंवा अन्ननलिकेला छिद्र पडणे यांसारखे गंभीर परिणाम संभवतात. त्यामुळे घरी काय करावे आणि रुग्णालयात केव्हा जावे हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

## अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर जिल्ह्याला (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) समुद्रकिनारा नाही. येथे खाल्ली जाणारी बरीचशी मासळी गोड्या पाण्यातील असते. राहुरी तालुक्यातील मुळा धरण, अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण आणि कर्जत व श्रीगोंदा तालुक्यांना लागणारे उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी ही तिची प्रमुख ठिकाणे होत. जलाशयांत मिळणारे रोहू, कटला व मृगळ हे मासे कार्प कुळातील आहेत. त्यांच्या मांसात कण्याच्या व बरगड्यांच्या काट्यांखेरीज मांसपेशींमध्ये विखुरलेले बारीक, टोकाशी दुभंगलेले काटे असतात. ते कण्याला घट्ट जोडलेले नसल्यामुळे मासा साफ करताना निघत नाहीत आणि रश्श्यातील तुकड्यात सहज लपतात. मरळ व चिलापी या माशांत असे विखुरलेले बारीक काटे नसतात. म्हणूनच मरळ हा कमी काट्यांचा मासा म्हणून ओळखला जातो.

कृत्रिम दंतपंक्ती वापरणाऱ्या वृद्धांना हा धोका अधिक असतो. टाळू झाकला गेल्याने तोंडातील काटा त्यांच्या लक्षात येत नाही. घाईने जेवणे, बोलत जेवणे आणि मद्यप्राशन करून जेवणे हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

## काटा कोठे अडकतो

बारीक काटा बहुधा घशाच्या वरच्या भागात रुततो. टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि जिभेचे मूळ व स्वरयंत्राचे झाकण यांच्यामधील खळगा या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. येथे रुतलेला काटा रुग्णाला एका बाजूला, नेमक्या जागी टोचतो. बोट ठेवून जागा दाखवता येणे हे काटा वरच असल्याचे उपयुक्त, परंतु निर्णायक नसलेले लक्षण आहे.

मोठे काटे, मटणाचे हाड किंवा मांसाचा मोठा घास खाली जाऊन अन्ननलिकेत अडकतो. अन्ननलिका जेथे सुरू होते तेथे ती अरुंद असते आणि बऱ्याच वस्तू तेथेच थांबतात. अशा वेळी वेदना मानेच्या मध्यभागी किंवा छातीत जाणवते. रुग्णाने दाखवलेली जागा या अवस्थेत फारशी विश्वसनीय नसते.

## श्वास अडकणे ही वेगळी अवस्था

घशात काटा टोचत असलेली व्यक्ती बोलू शकते, खोकू शकते व श्वास घेऊ शकते. घास श्वासमार्गात अडकला असेल तर तसे होत नाही. व्यक्तीला आवाज काढता येत नाही, खोकला परिणामकारक नसतो, ती गळा धरते आणि ओठ निळसर पडतात. ही काही मिनिटांत जीव घेणारी अवस्था असल्याने तत्काळ कृती करावी लागते.

रुग्णाला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके दिले जातात. घास निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवतात आणि आत व वर असे पाच झटके देतात. घास निघेपर्यंत हे दोन्ही उपाय आलटून पालटून केले जातात. गर्भवती स्त्रीला पोटाऐवजी छातीवर झटके देतात. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर झटके देऊ नयेत. त्याला डोके खाली ठेवून पाठीवर ठोके आणि मग छातीच्या मध्यभागी दाब दिला जातो. व्यक्ती बेशुद्ध झाल्यास छातीदाब सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली जाते. परिणामकारकपणे खोकणाऱ्या व्यक्तीला मात्र झटके देऊ नयेत. तिला खोकू द्यावे.

## घरी करण्याजोगे उपाय

श्वास सुरळीत असेल आणि केवळ टोचत असेल, तर प्रथम जेवण थांबवावे. जोराने खोकून व खाकरून पाहावे. लाळ सहज गिळता येत असल्यास पाण्याचे एक-दोन लहान घोट घेता येतात. सैल बसलेला काटा एवढ्याने निघून जाऊ शकतो.

त्यानंतर दुसऱ्या व्यक्तीने विजेरीच्या प्रकाशात घसा पाहावा. चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच दाबल्यास टॉन्सिल दिसतात. काट्याचे टोक स्पष्ट दिसत असेल, हाताच्या आवाक्यात असेल आणि रुग्ण स्थिर बसू शकत असेल, तरच बोथट टोकाच्या चिमट्याने तो सरळ बाहेर ओढावा. काटा दिसत नसल्यास चिमटा किंवा बोट आत घालू नये. अंदाजाने चाचपडल्याने काटा मोडतो, अधिक खोल जातो किंवा उलटी होते. लहान मुलांच्या बाबतीत घरी चिमटा वापरणे टाळावे.

काटा निघून गेल्यावरही ओरखड्यामुळे टोचल्यासारखे वाटत राहते. ही जाणीव तासागणिक कमी होत जाते आणि साधारणतः एका दिवसात थांबते. ती कमी न होणे हे काटा अजून आत असल्याचे सूचक मानले जाते.

## प्रचलित परंतु अयोग्य उपाय

कोरड्या भाताचा गोळा, भाकरीचा मोठा घास किंवा केळे न चावता गिळणे हा घरोघरी सांगितला जाणारा उपाय आहे. सैल काटा त्याने कधी कधी खाली जातो. मात्र रुतलेला काटा त्याच दाबाने ऊतीत अधिक खोल शिरतो किंवा वरच्या, सहज काढता येणाऱ्या जागेवरून अन्ननलिकेत ढकलला जातो. आणखी एक अडचण अशी की, भूल देऊन काटा काढण्याची वेळ आल्यास पोट रिकामे असावे लागते. घन आहारानंतर सामान्यतः सहा तास थांबावे लागते. भाताचे गोळे खाल्लेल्या रुग्णाचा उपचार त्यामुळे लांबतो किंवा जोखमीचा होतो.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर काटा विरघळवते ही समजूतही चुकीची आहे. हाड आम्लात मऊ पडते हे खरे आहे. शालेय प्रयोगात कोंबडीचे हाड व्हिनेगरमध्ये ठेवून ते दाखवले जाते, पण त्यासाठी काही दिवस लागतात. गिळलेला रस घशातून काही क्षणांत पुढे जातो. मुद्दाम उलटी करवणे आणि बाहेरून गळा चोळणे हे उपायही टाळावेत.

## धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास घरगुती उपाय न करता, काहीही न खाता-पिता तत्काळ रुग्णालयात जावे :

* श्वास घेण्यास त्रास, श्वासाचा घरघर आवाज किंवा आवाज बदलणे
* स्वतःची लाळ गिळता न येणे, लाळ गळणे
* छातीत, पाठीत किंवा मानेत तीव्र वेदना
* मानेवर सूज किंवा त्वचेखाली दाबल्यास कुरकुर जाणवणे
* ताप, मान वळवताना दुखणे
* थुंकीतून किंवा उलटीतून रक्त येणे

लाळ गिळता न येणे याचा अर्थ अन्ननलिका पूर्ण बंद झाली आहे असा घेतला जातो. त्वचेखालील कुरकुर हे अन्ननलिकेला किंवा घशाला छिद्र पडून हवा बाहेर पसरल्याचे लक्षण आहे. काही दिवसांपूर्वी काटा अडकलेल्या व्यक्तीला रक्ताची उलटी होऊन ती आपोआप थांबली, तरीही ती दुर्लक्षित करू नये. काट्याने महाधमनीपर्यंत इजा केल्याची ती पूर्वसूचना असू शकते आणि दुसरा रक्तस्राव प्राणघातक ठरतो.

## निदान व काटा काढणे

कान-नाक-घसा तज्ज्ञ प्रथम प्रकाशझोतात घसा तपासतात. टॉन्सिलमधील काटा बाह्यरुग्ण विभागातच चिमट्याने काढता येतो. काटा तेथे न दिसल्यास घशात बधिरतेचा फवारा मारून नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घातली जाते आणि जिभेचे मूळ व स्वरयंत्राचा परिसर पाहिला जातो.

मानेचा एका बाजूने घेतलेला क्ष-किरण फोटो मोठ्या हाडासाठी उपयोगी असतो. माशाचे बारीक काटे त्यात बहुधा दिसत नाहीत. फोटोत काही दिसले नाही म्हणजे काटा नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. शंका कायम असल्यास सीटी स्कॅन अधिक भरवशाचा ठरतो.

अन्ननलिकेतील काटा दुर्बिणीद्वारे, अनेकदा पूर्ण भूल देऊन काढला जातो. टोकदार वस्तू किंवा पूर्ण अडथळा असल्यास हे काम शक्य तो दोन तासांत व फार तर सहा तासांत व्हावे, आणि अंशतः अडकलेला मऊ घास चोवीस तासांच्या आत काढावा, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत सुचवले आहे. मऊ घास वारंवार अडकत असेल तर अन्ननलिका आकुंचित होणे, तिचा दाह किंवा गाठ यांचा शोध घेतला जातो. घास निघाला म्हणून तपासणी संपत नाही.

ही सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसते. अहिल्यानगर येथील जिल्हा रुग्णालय आणि राहाता तालुक्यातील लोणी येथील वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय ही जिल्ह्यातील मोठी रुग्णालये होत. राजूर-भंडारदरा परिसरासारख्या डोंगराळ भागातून तेथे पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून धोक्याचे लक्षण असल्यास सकाळची वाट न पाहता निघणे आणि आधी दूरध्वनीवरून तज्ज्ञ व दुर्बीण उपलब्ध असल्याची खात्री करणे हितावह असते.

## उदाहरण

समजा, राहुरी परिसरातील साठीच्या एका स्त्रीला रात्री नऊ वाजता रोहूचा रस्सा खाताना उजव्या बाजूला टोचले. तिला बोलता येते, लाळ गिळता येते आणि ती एका बोटाने जागा दाखवते. खाकरून व दोन घोट पाणी पिऊन फरक पडला नाही. विजेरीने पाहता काटा दिसला नाही. अशा वेळी चाचपडणे व भात गिळणे टाळून, रात्रभर लक्षणांवर नजर ठेवून सकाळी तज्ज्ञांकडे जाणे योग्य ठरते. टोचणे त्याच जागी तसेच राहिले असेल, तर काटा टॉन्सिलमध्ये सापडण्याची शक्यता मोठी असते.

याच स्त्रीला टोचण्याऐवजी गळ्याच्या खळगीखाली दुखत असेल आणि ती लाळ थुंकत असेल, तर निर्णय बदलतो. काटा अन्ननलिकेत असल्याचे गृहीत धरून तिला उपाशीपोटी, त्याच रात्री दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.